भास्कराचार्यांचं गाव आणि पाटणचा शिलालेख

‘लीलावती’ आणि ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिणारे भास्कराचार्य कुठले, असं विचारलं की चार उत्तरं मिळतात. कुणी विजापूर सांगतं, कुणी बीड. अकबराच्या दरबारातला फैजी बीदर म्हणतो. आणि खानदेशातला माणूस चाळीसगावजवळच्या पाटणकडे, पाटणादेवीच्या डोंगराकडे बोट दाखवतो. चारही उत्तरं छापील पुस्तकांत सापडतात, त्यामुळे प्रत्येकाला आपल्या बाजूचा आधार लगेच मिळतो. पण आधार आहे एवढ्यावर भागत नाही. तो आधार नेमकं काय सांगतो, हे फारसं कुणी विचारत नाही, आणि माझी तक्रार तिथेच आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: पाटणचा पुरावा या चौघांत सर्वांत भक्कम आहे, पण तो जन्माचा पुरावा नाही. पाटणला फलक लागावा, स्मारकही व्हावं. मात्र त्यावर ‘जन्मस्थान’ हा शब्द नसावा.

सुरुवात स्वतः भास्कराचार्यांपासून करायला हवी, कारण आपल्याबद्दल त्यांनी थोडंफार लिहून ठेवलं आहे. ‘सिद्धान्तशिरोमणि’तल्या ‘गोलाध्याया’च्या शेवटी प्रश्नाध्यायात ते जन्मसाल देतात. ‘रसगुणपूर्णमही’ म्हणजे सहा, तीन, शून्य, एक. अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे, म्हणजे शके १०३६, इसवी सन १११४. छत्तिसाव्या वर्षी सिद्धान्तशिरोमणि रचला, हेही ते तिथेच सांगतात. सालाबद्दल शंकेला जागाच नाही. मग गाव येतं: ‘आसीत् सह्यकुलाचलाश्रितपुरे त्रैविद्यविद्वज्जने नानासज्जनधाम्नि विज्जडविडे शाण्डिल्यगोत्रो द्विजः’. सह्य पर्वताच्या आश्रयाला असलेल्या, तिन्ही वेद जाणणाऱ्या विद्वानांच्या आणि सज्जनांच्या विज्जडविड नावाच्या नगरात शांडिल्य गोत्राचा एक ब्राह्मण होता.

हा ब्राह्मण कोण? श्लोक पुढे वाचला की कळतं, ते भास्कराचार्यांचे वडील महेश्वर. भास्कराचार्य स्वतः पुढच्या श्लोकात येतात, त्यांचा मुलगा म्हणून. म्हणजे काटेकोर वाचलं तर ‘मी विज्जडविडला जन्मलो’ असं भास्कराचार्य कुठेही म्हणत नाहीत. माझे वडील विज्जडविडचे, एवढंच ते म्हणतात. जन्म तिथलाच, हे आपण जोडलेलं आहे. जोडणी वाजवी आहे, पण ती आपली आहे याचं भान सुटता कामा नये. आपल्याकडे बाळंतपण माहेरी करण्याची चाल आहे. एखाद्याचं घराणं एका गावचं आणि तो जन्मला मात्र आजोळी, अशी उदाहरणं प्रत्येक घरात निघतील. भास्कराचार्यांच्या आईचं माहेर कुठलं, याचा एक शब्द या श्लोकांत नाही. बाराव्या शतकातला माणूस ‘मी कुठला’ याचं उत्तर घराण्याच्या गावाने देतो. जन्म कुठल्या खोलीत झाला हा प्रश्न त्याचा नाही, आपला आहे. आपण आपला प्रश्न घेऊन त्याच्या उत्तराकडे जातो, आणि तो ज्याबद्दल बोलतच नाही ते त्याच्या तोंडी घालतो.

तेव्हा पहिली पायरी ही की दावा नेमका कशाचा आहे ते वेगळं करावं: जन्माचा, घराण्याच्या गावाचा, की पुढच्या वास्तव्याचा. या तीन गोष्टी एकच धरल्या की चार गावांचं भांडण उभं राहतं. वेगळ्या केल्या की त्यातलं बरंचसं आपोआप निवळतं.

आता पाटणचा शिलालेख. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला आणि १८६५ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून अभ्यासकांपुढे ठेवला. पुढे कीलहॉर्न या जर्मन पंडिताने ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात त्याचं काटेकोर संपादन केलं. लेख शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा प्रमुख ज्योतिषी होता. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ काढला. त्या भागावर राज्य करणाऱ्या निकुंभ घराण्याने मठाला दान दिलं. त्या दानाचा हा लेख.

लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण दानाच्या तपशिलाशी आल्यावर तो मराठीत उतरतो. ‘इयां पाटणीं जें केणें उघटे’ अशी त्याची सुरुवात आहे. या पाटणात जो माल विक्रीला येईल त्यावरचा राजाचा हिस्सा मठाला दिला, असा त्याचा अर्थ. गावात जेवढे तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे मठाला पळीभर तेल. राजाच्या वंशावळीची थोरवी संस्कृतात सांगितली, आणि तेल्याने किती द्यायचं ते तेल्याला कळेल अशा भाषेत. गणित शिकवणारी शाळा कोणत्या पैशावर, कोणाच्या घाण्यावर चालणार होती, हे आठशे वर्षांनंतर आपण वाचू शकतो. मला हा शिलालेख एवढा मोलाचा वाटतो तो यासाठी. जन्मस्थानाच्या वादात पडलेल्यांनी या ओळींकडे ढुंकूनही पाहू नये याचं वाईट वाटतं.

शिलालेखात घराण्याची वंशावळ आहे: त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, मग आपले भास्कराचार्य, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव. गोत्र शांडिल्य. बापाचं नाव आणि गोत्र भास्कराचार्यांच्या श्लोकाशी जुळतं. एकाच नावाच्या दोन माणसांची गल्लत इथे होत नाही, कारण दोन स्वतंत्र साधनं एकमेकांशी पटतात.

पण हा लेख जन्माबद्दल काय सांगतो? काहीच नाही. १२०७ मध्ये नातवाने पाटणला मठ काढला, एवढंच त्यातून थेट सिद्ध होतं. जन्म १११४ चा, मधे ब्याण्णव-त्र्याण्णव वर्षं आणि दोन पिढ्या. शंका घेणारा म्हणेल, चांगदेव यादवांच्या नोकरीत होता, देवगिरी तिथून लांब नाही. नोकरीमुळे घराणं इकडे आलं असेल, मूळचं ते भलत्याच ठिकाणचं असेल. आक्षेप खरा आहे. पाटणच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तो टाळू नये.

त्याचं उत्तर शिलालेखातच एका श्लोकात आहे. लक्ष्मीधराबद्दल तिथे म्हटलं आहे: ‘सर्वशास्त्रार्थदक्षोऽयमिति मत्वा पुरादतः । जैत्रपालेन यो नीतः कृतश्च विबुधाग्रणीः’. हा सर्व शास्त्रांत निपुण आहे हे ओळखून जैत्रपालाने त्याला या नगरातून नेलं आणि विद्वानांत अग्रणी केलं. ‘पुरादतः’ म्हणजे ‘या नगरातून’. कीलहॉर्नने हाच अर्थ घेतला आहे, आणि संदर्भात तोच सरळ बसतो. जैत्रपाल हा सिंघणाच्या आधीचा यादव राजा. म्हणजे घराणं दरबारामुळे पाटणला आलं नाही. दरबाराने त्यांना पाटणहून नेलं. राजाश्रय मिळण्याच्या आधीच भास्कराचार्यांचा मुलगा पाटणला राहत होता. या दोन अक्षरगटांनी पुरावा एक पिढी मागे सरकतो. भास्कराचार्यांचा शेवटचा ज्ञात ग्रंथ ‘करणकुतूहल’. त्याचा आरंभकाल शके ११०५, म्हणजे ११८३. तेव्हा ते एकोणसत्तर वर्षांचे होते. मुलगा त्याच सुमाराच्या पुढेमागे पाटणला असेल, तर बापही उतारवयात तिथेच असावेत, असा अंदाज बांधायला जागा आहे. अंदाज, सिद्धान्त नव्हे.

दुसरा दुवा त्याच चाळीसगाव तालुक्यातल्या बहाळच्या लेखाचा. तो शके ११४४, म्हणजे १२२२ चा. तिथे देऊळ बांधणारा अनंतदेव हाही सिंघणाचा ज्योतिषी. त्याची वंशावळ मनोरथ, महेश्वर, श्रीपती, गणपती, अनंतदेव अशी आहे. श्रीपती हे भास्कराचार्यांचे भाऊ. म्हणजे दोन भावांच्या दोन शाखा तेराव्या शतकाच्या सुरुवातीला एकाच मुलखात नांदताना दिसतात. दोन चुलत घरं एकाच टापूत असतील, तर ती तिथे त्यांच्या समाईक पूर्वजाच्या काळापासून असण्याची शक्यता वाढते, आणि इथे तो समाईक पूर्वज महेश्वर आहे. अर्थात अनंतदेवाची शाखा दरबारामार्फत आली असेल, हा आक्षेप इथे पुन्हा उभा राहतो, आणि त्याला बहाळच्या बाबतीत ‘पुरादतः’सारखं उत्तर नाही. म्हणून मी या दुव्याला जोड-पुरावा म्हणतो, मुख्य नाही.

एवढं सगळं पाटणच्या पारड्यात पडलं. आता पाटणला नडणारी गोष्ट. भास्कराचार्य आपल्या वडिलांच्या गावाचं नाव विज्जडविड सांगतात, आणि शिलालेख आपल्या गावाला पाटण म्हणतो. दोन्ही साधनं एकाच घराण्याची, मधे जेमतेम सत्तावन्न वर्षांचं अंतर. पाटण हेच विज्जडविड असतं, तर नातवाने आजोबांच्या स्मरणार्थ कोरलेल्या लेखात, जिथे सात पिढ्यांच्या आधीच्या पूर्वजाचीही आठवण आहे, तिथे ते जुनं नाव एकदा तरी यायला नको होतं का? नाव बदललं असेल, पाटण हे नुसतं ‘नगर’ या अर्थी असेल, विज्जडविड शेजारीच कुठे असेल, आज उजाड असेल. यातलं काहीही शक्य आहे, पण कशालाही आधार नाही. ‘पाटण हेच विज्जडविड’ असं ठामपणे लिहिणारे हा मधला तुटका धागा वाचकाला दाखवत नाहीत, हे मला खटकतं.

आता इतर गावं. विजापूरचा दावा मुख्यतः नावाच्या साम्यावर आहे. पण विजापूर हे ‘विजयपूर’चं रूप आहे, आणि विज्जडविडमधला ‘विड’ त्यात कुठेच उरत नाही. शिवाय विजापूर सह्याद्रीच्या आश्रयाला नाही, ते दख्खनच्या उघड्या माळावर आहे. कवीने गावाची एकच भौगोलिक खूण दिली आणि ती जुळत नसेल, तर नावाच्या साम्याला अर्थ राहत नाही. तरीही हा दावा सुधाकर द्विवेदींसारख्या मोठ्या पंडिताच्या नावावर चालत आला, आणि त्यानंतरच्या पुस्तकांनी एकमेकांवरून तो उचलला. दहा पुस्तकांत विजापूर लिहिलेलं असेल आणि दहाही एकाच मुळावरून उतरली असतील, तर तो पुरावा एकच. संख्येने तो दहापट होत नाही. गावांच्या वादात सर्वांत जास्त फसगत इथे होते.

बीदरचं नाव येतं फैजीकडून. अकबराच्या आज्ञेने १५८७ मध्ये त्याने ‘लीलावती’चा फारसी अनुवाद केला आणि प्रस्तावनेत भास्कराचार्य दख्खनमधल्या बीदरचे असं लिहिलं. चारशे सत्तर वर्षांनंतर, परक्या भाषेत, ऐकीव माहितीवर. विड, बीड, बीदर ही नावं ऐकायला एकमेकांच्या किती जवळची आहेत ते पाहिलं, की मला या साक्षीवर फारसा भार टाकवत नाही. बीदरही सह्याद्रीचं नाही.

बीडची बाजू यांपेक्षा बरी आहे. ‘विड’चं ‘बीड’ होणं मराठीत सहज आहे, आणि बालाघाटाच्या रांगा सह्याद्रीच्याच फाट्या आहेत. सातमाळा-अजिंठ्याची रांग, जिच्या पायथ्याला पाटण आहे, तीही सह्याद्रीची फाटीच. तेव्हा भूगोलाच्या बाबतीत बीड आणि पाटण बरोबरीत सुटतात. पण बीडच्या बाजूने या घराण्याचा एकही शिलालेख नाही, कुणाचं वास्तव्य नाही, मठ नाही. आहे ते फक्त नाव.

एक साक्ष मात्र मला अडचणीची वाटते. ती मुनीश्वराची. सतराव्या शतकात काशीला राहून त्याने सिद्धान्तशिरोमणीवर ‘मरीचि’ नावाची टीका लिहिली. विज्जडविड गोदावरीपासून फार लांब नाही, पाच कोसांवर आहे, असं तो सांगतो. त्याचं घराणं मूळचं विदर्भातलं, म्हणजे परंपरेने आलेली काही माहिती त्याच्याकडे असू शकते. आणि ‘पाच कोस’ हा नेमका आकडा सांगोवांगीचा वाटत नाही. कोस तीनेक किलोमीटरचा धरला तर पंधरा-सोळा किलोमीटर. बीड गोदावरीपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर. पाटण साठाहून अधिक. विजापूर तर दोनशेच्याही पलीकडे. म्हणजे मुनीश्वर खरा असेल तर चारही गावं बाद होतात आणि विज्जडविड गोदाकाठी कुठेतरी शोधायला हवं.

मुनीश्वराची ही साक्ष सोयीनुसार वापरली जाते. बीडवाले ‘गोदावरीजवळ’ एवढंच घेतात आणि पाच कोस सोडून देतात. पाटणवाले मुनीश्वराला उशिराचा म्हणून बाजूला सारतात. तो उशिराचा आहे हे खरं, पाचशे वर्षांनंतरचा. पण उशिराच्या साक्षीला वजन कमी द्यायचं असतं, ती पुसून टाकायची नसते. उशिराचा म्हणून तो नको असेल, तर त्याच न्यायाने फैजीही नको. विजापूरची जोडणी तर त्याहूनही कितीतरी उशिराची.

या प्रश्नाला सार्वजनिक बाजू आहे म्हणून हे सगळं लिहिलं. जन्मस्थान ठरलं की निधी येतो, रस्ता होतो, सहली येतात, आणि मग पुराव्याकडे कुणी पाहत नाही. जानेवारी २०२० मध्ये साईबाबांच्या जन्मस्थानावरून पाथरी आणि शिर्डी यांच्यात जे झालं, ते सर्वांनी पाहिलं. पाथरीसाठी निधीची घोषणा झाली आणि शिर्डीत बंद पाळला गेला. बंदच्या दिवशी कागदपत्रं कुणी वाचत नाही. भास्कराचार्यांच्या बाबतीत तर दोन राज्यांचा अभिमानही मधे येतो, महाराष्ट्र विरुद्ध कर्नाटक. १११४ साली यातलं एकही राज्य नव्हतं. खानदेश आणि विजापूर दोन्ही मुलूख तेव्हा कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होते. आजच्या सीमेने त्यांना वाटून घेणं हा त्यांच्या काळावर अन्याय आहे.

माझ्या मते पाटणच्या फलकावर असं लिहावं: ‘भास्कराचार्यांच्या (जन्म इ. स. १११४) ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी इ. स. १२०७ मध्ये येथे मठ स्थापन केला. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर या नगरात राहत होते. भास्कराचार्यांच्या वडिलांचे गाव विज्जडविड. त्याची जागा निश्चित झालेली नाही.’ यात पाटणचं काहीही कमी होत नाही. भास्कराचार्यांची गणितशाळा गावाच्या घाण्यातल्या तेलावर चालवण्याचा करार जिथे दगडात कोरला गेला, असं दुसरं गाव देशात मला माहीत नाही. जन्मस्थान हा दावा उद्या एखाद्या ताम्रपटाने खोटा ठरू शकतो. मठाचा दावा आता कुणालाही खोटा ठरवता येणार नाही. पाटणकरांनी डळमळीत दाव्यासाठी पक्क्या दाव्याकडे दुर्लक्ष का करावं, हे मला कळत नाही.

पाठ्यपुस्तकांतही ‘विज्जडविड (आजचे अमुक)’ असं कंसात घालायची सवय सोडावी. कंसातलं गाव मुलाला पाठ होतं आणि कंसाबाहेरचं, जे स्वतः भास्कराचार्यांचं आहे, ते निसटतं.

हा प्रश्न सुटू शकतो का? सुटू शकतो, पण भाषणांनी नव्हे. यादव आणि निकुंभ राजांच्या दानपत्रांत गावाच्या चतुःसीमा दिलेल्या असतात: पूर्वेला अमुक गाव, दक्षिणेला तमुक नदी. अशा एखाद्या चतुःसीमेत विज्जडविड किंवा त्याच्या जवळचं नाव सापडलं, तर शेजारच्या गावांवरून जागा नकाशावर टेकवता येईल. दुसरं काम हस्तलिखितांचं. काही प्रतींत ‘विज्जडविड’ आहे, काहींत ‘विज्जलविड’. जुन्या प्रतींत कोणतं रूप आहे आणि कोणत्या प्रांतात कोणतं चालतं, हे प्रती समोरासमोर ठेवून ताडायला हवं. ‘विज्जल’ हे मूळ रूप निघालं, तर ते कुणा विज्जल किंवा बिज्जल नावाच्या माणसावरून पडलेलं गाव असण्याची शक्यता पुढे येते आणि शोधाची दिशाच बदलते. ‘विज्जड’ निघालं तर ती वाट बंद होते. हस्तलिखितांच्या संग्रहालयांतून प्रती मिळवणं, त्यांचे छायाचित्रांकित पाठ एकत्र करणं, हे एखाद्या विद्यापीठाच्या विभागाच्या आवाक्यातलं काम आहे. स्मारकासाठी निधी देताना त्यातला थोडा वाटा या कामासाठी बाजूला ठेवावा, अशी मागणी चाळीसगावच्या लोकांनी स्वतःहून करावी, असं मला मनापासून वाटतं. उत्तर पाटणच्या बाजूने येईलच असं नाही, आणि हे माहीत असूनही ती मागणी त्यांनी करावी.